दोन लाखांच्या आत: खरेदीची मर्यादा आणि तातडीची वाट

खासगी कंपनीत किती रकमेपर्यंतची खरेदी कोणाच्या सहीवर व्हावी, हे ठरवणारा एक तक्ता असतो. संचालक मंडळ तो ठरावाने मंजूर करते आणि एरवी तो खरेदी विभागाच्या फायलीत पडून असतो. परचेस मॅनेजरने अमुक रकमेपर्यंत, प्लांट हेडने तमुक रकमेपर्यंत, त्यापुढे व्यवस्थापकीय संचालक, अशी त्याची साधी उतरंड असते. रक्कम जितकी मोठी, तितका वरचा आणि त्या खरेदीपासून दूर असलेला माणूस पैसा अडकण्याआधी एकदा ती पाहील, एवढाच त्यामागचा विचार. पण कारखाना मध्यरात्री बंद पडला तर सहीसाठी सकाळपर्यंत थांबता येत नाही. म्हणून त्याच तक्त्याच्या तळाशी तातडीच्या खरेदीचे एक कलम असते: आधी माल आणा, कागद मागून पूर्ण करा. अंतर्गत लेखापरीक्षक या दोन्ही गोष्टी एकत्र तपासतो, कारण मर्यादेपाशी अडलेली खरेदी पुष्कळदा तातडीच्या वाटेने बाहेर पडते.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३८ आणि त्याखालील नियमांनुसार मागच्या आर्थिक वर्षात २०० कोटी रुपये किंवा अधिक उलाढाल असलेल्या, अथवा त्या वर्षात कधीही बँकांचे वा सार्वजनिक वित्तसंस्थांचे कर्ज १०० कोटींच्या वर गेलेल्या खासगी कंपनीला अंतर्गत लेखापरीक्षक नेमावाच लागतो. तो सनदी लेखापाल असू शकतो, परिव्यय लेखापाल असू शकतो, संचालक मंडळ ठरवील असा अन्य व्यावसायिकही चालतो. कंपनीचा नोकर असला तरी हरकत नाही. खरेदीच्या मर्यादा किती असाव्यात हे मात्र कायदा सांगत नाही. ते कंपनीचे घरचे नियम. म्हणून या तपासणीत पहिला प्रश्न कायद्याचा नसून कंपनीने स्वतःला घालून घेतलेल्या नियमाचा असतो.

पुढचा सगळा विचार एका उदाहरणावर करणे सोपे जाईल. समजा, चाकणच्या औद्योगिक वसाहतीत फोर्जिंगचे सुटे भाग बनवणारी, २४० कोटींच्या उलाढालीची एक खासगी कंपनी आहे. कंपनी कल्पित आहे, तिचे आकडे उदाहरणापुरते आहेत. पण तिच्यात जे सापडते ते अशा तपासण्यांत नेहमी सापडणारे आहे. तिचा तक्ता २०१५ सालचा. परचेस मॅनेजर २ लाखांपर्यंत, प्लांट हेड १० लाखांपर्यंत, त्यापुढे व्यवस्थापकीय संचालक. २ लाखांच्या वर गेले की तीन कोटेशने लागतात. उत्पादन थांबले असेल किंवा कामगारांच्या जिवाला धोका असेल, तर प्लांट हेडच्या फोनवरच्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या होकारावर ५ लाखांपर्यंतचा माल एकाच कोटेशनवर आणता येतो. त्याची पीओ, म्हणजे रीतसर खरेदी आदेश, कारणासह तीन कामकाजाच्या दिवसांत निघाली पाहिजे.

वाचायला हे सगळे स्पष्ट वाटते. लेखापरीक्षक तक्ता हातात घेऊन बसला की दहा मिनिटांत त्यातल्या फटी दिसू लागतात. २ लाख म्हणजे जीएसटीसह की जीएसटी वगळून? १ लाख ९० हजारांच्या मालावर १८ टक्के कर धरला की रक्कम २ लाख २४ हजार २०० होते. म्हणजे एकाच पीओवर एक वाचणारा परचेस मॅनेजरची सही पुरेशी मानतो आणि दुसरा प्लांट हेडकडे पाठवतो. वाहतूक आणि बसवण्याचा खर्च वेगळ्या पीओने दिला तर तो धरायचा की नाही? आणि सगळ्यात महत्त्वाचे, मर्यादा प्रत्येक पीओला आहे की प्रत्येक गरजेला? या कंपनीच्या तक्त्यात नुसते ‘खरेदी २ लाखांपर्यंत’ एवढेच लिहिले आहे. नियमच दोन प्रकारे वाचता येत असेल तर तो मोडला असा ठपका कोणावर ठेवता येत नाही. म्हणून अशी संदिग्धता हा अहवालातला पहिला मुद्दा ठरतो आणि तो खरेदी विभागाच्या नावावर न जाता संचालक मंडळाच्या नावावर जातो.

दुसरे पाऊल म्हणजे कागदावरचा तक्ता आणि संगणकातला तक्ता जुळवून पाहणे. मोठ्या कंपन्यांत पीओ ईआरपी प्रणालीत तयार होते आणि मंजुरीही तिथेच मिळते. प्रणालीत भरलेल्या मर्यादा ठरावातल्या मर्यादांशी जुळतात का, हे डोळ्यांनी पाहावे लागते. कधी एखाद्या कामाच्या धांदलीत कोणाची मर्यादा तात्पुरती वाढवलेली असते आणि ती परत खाली आणायची राहून जाते. त्याहून अवघड जागा दुरुस्तीची. १ लाख ९५ हजारांची पीओ मंजूर झाल्यावर नगसंख्या वाढवून ती ३ लाख ४० हजारांची केली, तर प्रणाली नव्याने मंजुरी मागते का? हे मांडणीवर अवलंबून असते, आणि काही कंपन्यांत ती मागत नाही. अशा ठिकाणी वर्षभराच्या पीओंची पहिली मंजूर रक्कम आणि शेवटची रक्कम शेजारी ठेवून फरकांची यादी काढली की बराच उलगडा होतो.

मंजुरी खरोखर त्याच माणसाने दिली का, हेही इथेच कळते. प्लांट हेड आठवडाभर रजेवर आहेत आणि त्यांच्या लॉगिनवरून रोज संध्याकाळी पीओ मंजूर होत आहेत, असे हजेरीपटाशी ताडून पाहिल्यावर दिसते. बहुतेक वेळा त्यामागे चोरी नसते. साहेबांनीच जाताना पासवर्ड देऊन ठेवलेला असतो. पण मग त्या आठवड्यात १० लाखांपर्यंतची मर्यादा प्रत्यक्षात परचेस विभागातल्या एका कारकुनाच्या हातात होती, हे उरतेच. रजेच्या काळात कोणाला अधिकार द्यायचा, हे लेखी ठरवून तेवढ्याच दिवसांपुरते प्रणालीत भरणे, हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

यानंतर मुख्य काम सुरू होते: तुकडे शोधणे. साडेपाच लाखांची खरेदी एका पीओवर केली तर तीन कोटेशने लागतील आणि प्लांट हेडची सही लागेल. तीच तीन पीओंत वाटली तर दोन्ही लागत नाही. असे तुकडे एकेक पीओ वाचून सापडत नाहीत, कारण सुटी पाहिली तर प्रत्येक पीओ नियमात बसते. ते गर्दीतून सापडतात. वर्षभराच्या सगळ्या पीओ एका एक्सेल फायलीत घेऊन रकमेच्या पट्ट्यांत मोजल्या जातात. या कंपनीत वर्षाला ३,१०० पीओ. त्यांपैकी १ लाख ८० हजार ते २ लाख या पट्ट्यात ७४ आणि लगेच वरच्या, २ लाख ते २ लाख २० हजार या पट्ट्यात फक्त ९. रक्कम वाढत जाते तशा पीओ कमी होणे स्वाभाविक आहे, पण ती घट उताराची असते. २ लाखांच्या रेषेवर ती कड्यासारखी तुटत असेल तर कोणीतरी रेषेकडे पाहून रकमा बसवत आहे.

तरी कडा म्हणजे गुन्हा नव्हे. ७४ पीओंतून एकाच पुरवठादाराच्या, एकाच प्रकारच्या मालाच्या, सात दिवसांच्या आत निघालेल्या पीओ वेगळ्या काढल्यावर १३ गट मिळाले. त्यांतले ८ गट निरुपद्रवी निघाले. कुठे दोन वेगळ्या विभागांनी स्वतंत्रपणे मागणी केली होती, कुठे पुरवठादाराने माल टप्प्याटप्प्याने देणार असे सांगितले होते. पुरवठादाराचे नाव पाहून थांबणेही बरे नव्हे. तुकडा कधी दोन फर्मच्या नावांवर वाटलेला असतो. इथे जीएसटी क्रमांक मदतीला येतो. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकात पहिली दोन राज्याची, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा म्हणजे मालकाचा पॅन. एकाच मालकाच्या दोन दुकानांची नावे वेगळी असली तरी ती दहा अक्षरे तीच राहतात. भावाच्या किंवा पत्नीच्या नावावर फर्म असेल तर पॅन बदलतो. मग पत्ता, फोन आणि बँक खाते जुळवून पाहावे लागते.

उरलेल्या पाच गटांतला एक सविस्तर पाहण्यासारखा आहे. कन्व्हेयरचे रोलर. सलग तीन दिवसांत तीन पीओ, प्रत्येकी १०० नगांच्या. पहिली १,९२० रुपये दराने १ लाख ९२ हजारांची, दुसरी १,८८५ दराने १ लाख ८८ हजार ५०० ची, तिसरी १,९५० दराने १ लाख ९५ हजारांची. एकूण ५ लाख ७५ हजार ५०० रुपये. पहिली आणि तिसरी एका फर्मला, मधली दुसऱ्या फर्मला. दोन्हींचा पॅन एकच. तिन्हींच्या मागे मेंटेनन्सचा एकच इंडेंट होता, म्हणजे एकच मागणीपत्र, आणि त्यावर स्पष्ट ३०० नग लिहिलेले होते. ड्रॉइंग नंबरही एकच. गेटच्या रजिस्टरमध्ये पाहिले तर तिन्ही पीओंचा माल एकाच दिवशी, एकाच टेम्पोने आत आला होता. एकाच वस्तूचा दर तीन दिवसांत तीन वेळा बदलण्याला बाजारात काही कारण नव्हते. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी चौकशी केल्याचा देखावा एवढाच त्याचा उपयोग.

यात कंपनीचे किती गेले, हे काढताना लेखापरीक्षकाने हात राखून गणित करावे. चौदा महिन्यांपूर्वी तीन कोटेशने मागवून हेच रोलर १,५६० रुपयांनी घेतले होते. त्या दराने ३०० नगांचे ४ लाख ६८ हजार होतात, म्हणजे फरक १ लाख ७ हजार ५०० रुपयांचा. पण मधल्या काळात पोलाद ६ टक्के महागले असे कंपनीच्याच इतर खरेदीवरून दिसते. रोलरच्या किमतीत पोलाद हा एकच घटक असला तरी सगळ्या दरावर ६ टक्के वाढ मान्य केली, तर दर सुमारे १,६५५ येतो आणि फरक ७९ हजारांवर उतरतो. अहवालात हा दुसरा आकडा लिहावा. फुगवलेला आकडा खरेदी विभाग पहिल्या बैठकीतच खोडून काढतो आणि मग त्याच्यासोबत खरा मुद्दाही वाहून जातो.

तातडीच्या खरेदीची तपासणी याहून वेगळी, आणि खरे तर जास्त रंजक आहे. तिथे प्रश्न रकमेचा नसतो, वेळेचा असतो. तातडी होती की नाही, हे कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे त्यावरून ठरवता येत नाही. तिथे नेहमी ‘मशीन ब्रेकडाऊन, अति तातडीचे’ असेच लिहिलेले असते. ठरते ते तारखांच्या क्रमावरून. मशीन कधी बंद पडले, होकार कधी मिळाला, माल गेटमधून कधी आला, स्टोअरमधून तो कधी बाहेर पडला आणि मशीन कधी सुरू झाले. या पाच क्षणांच्या नोंदी पाच वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वह्यांत केलेल्या असतात. उत्पादनाचा शिफ्ट रिपोर्ट सुपरवायझर लिहितो, गेटची नोंद सुरक्षारक्षक करतो, इश्यू स्लिप स्टोअरचा माणूस फाडतो. एखादा माणूस आपला कागद मागच्या तारखेने करू शकतो. पाचही जणांचे कागद एकमेकांशी जुळवून खोटे करणे फार कठीण आहे.

शिवाय काही तारखा कंपनीच्या हाताबाहेरच्या असतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरचा माल हलवायचा तर ई-वे बिल लागते आणि त्यावर ते तयार झाल्याची तारीख आणि वेळ असते. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या पुरवठादाराला १ ऑगस्ट २०२३ पासून कंपन्यांना दिलेले बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागते आणि त्याच्या पोचपावतीलाही तारीख असते. कंपनीच्या आतल्या तारखांतही भेद करावा लागतो. सॅप प्रणालीत पीओच्या `EKKO` या तक्त्यात दोन तारखा असतात. `BEDAT` ही पीओवर छापली जाणारी तारीख हाताने बदलता येते. `AEDAT` ही नोंद तयार झाल्याची तारीख प्रणाली स्वतःच टाकते. उशिरा काढलेली पीओ वेळेत काढल्यासारखी दाखवायची असेल तर पहिली तारीख मागे नेली जाते आणि दुसरी तशीच राहते.

या कंपनीत वर्षभरात तातडीच्या ४६ खरेद्या झाल्या. त्यांतल्या दोन शेजारी ठेवून पाहू.

पहिली, प्रेसचा मुख्य हायड्रॉलिक पंप, ३ लाख ८० हजारांचा. फाइल पाहिली तर गबाळी. कोटेशन नाही, इंडेंट पेन्सिलने लिहिलेला, पीओ तीनऐवजी चौथ्या दिवशी काढलेली, आणि मंजुरी म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचा एक फोटो, ज्यात ‘घेऊन या’ एवढेच उत्तर आहे. पण शिफ्ट रिपोर्टमध्ये रात्री ११:२० ला प्रेस बंद पडल्याची नोंद आहे. होकाराचा मेसेज १२:०५ चा. भोसरीच्या डीलरचे ई-वे बिल पहाटे ३:५० चे. गेटवर नोंद ४:४०. माल स्टोअरमध्ये गेलाच नाही, थेट प्रेसवर बसवला गेला, म्हणून इश्यू स्लिप दुसऱ्या दिवशी फाडली. तिसऱ्या आणि पहिल्या शिफ्टचे त्या प्रेसचे उत्पादन शून्य आणि दुसऱ्या शिफ्टपासून पुन्हा नेहमीसारखे. ही खरी तातडी. एक दिवसाचा उशीर अहवालात एका ओळीत नोंदवून पुढे जावे.

दुसरी, गिअरबॉक्स, ४ लाख ३५ हजारांचा. फाइल देखणी. टाइप केलेला इंडेंट, ब्रेकडाऊनचा अहवाल, प्लांट हेडची सही, सगळे कप्पे भरलेले. इंडेंटप्रमाणे १२ ऑगस्टला प्रेस क्रमांक ३ बंद पडला. शिफ्ट रिपोर्टमध्ये मात्र १२, १३ आणि १४ ऑगस्टला त्या प्रेसचे उत्पादन पुरे आहे. पुरवठादाराच्या बिलाची पोर्टलवरची पोचपावती ९ ऑगस्टची, म्हणजे मशीन ‘बंद पडण्या’च्या तीन दिवस आधीच विक्री ठरून बिल नोंदवले गेले होते. माल गेटमधून आला १३ ला. पीओवर छापलेली तारीख १३, प्रणालीतली नोंद २१ ची. मधली १५ ऑगस्टची आणि साप्ताहिक सुट्टी सोडली तरी तीन दिवसांची मुदत उलटून गेली होती. आणि गिअरबॉक्स स्टोअरमधून बाहेर पडला तो ४ सप्टेंबरला, आल्यापासून २२ दिवसांनी. ज्या वस्तूवाचून कारखाना अडला होता ती तीन आठवडे रॅकवर पडून राहत नाही.

या दोन फायलींवरून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. कागद नीटनेटके असणे हा तातडीचा पुरावा नाही. उलट मध्यरात्रीच्या खरेदीची फाइल जरा जास्तच चकचकीत असेल तर ती आधी उघडावी. नमुना म्हणून थोड्याच फायली तपासायच्या असतील तर लेखापरीक्षकाने गेटची तारीख आणि इश्यू स्लिपची तारीख यांतले अंतर सगळ्या तातडीच्या खरेद्यांसाठी काढावे आणि जास्त अंतर असलेल्या फायली आधी घ्याव्यात. ही एक वजाबाकी इतर कसोट्यांपेक्षा जास्त काम करते. तिला अपवाद एकच: एकाऐवजी दोन सुटे भाग मागवले असतील आणि दुसरा जपून ठेवला असेल तर त्याचे अंतर मोठे येते. तिथे प्रश्न निराळा होतो, की दुसऱ्याची तातडी काय होती.

४६ खरेद्यांपैकी पंपासारख्या खऱ्या १९, गिअरबॉक्ससारख्या तातडी नसलेल्या १०. उरलेल्या १७ कोणत्याच बाजूला नीट बसत नाहीत, आणि व्यवस्थापनाने सगळ्यात जास्त लक्ष द्यावे ते यांच्याकडे. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीतले थर्मोकपल हे त्यांचे उदाहरण. ते खराब झाले की भट्टीचे तापमान कळत नाही, भट्टी थांबवावीच लागते. तेव्हा तातडी खरीच. पण ते किती महिन्यांनी खराब होतात, हे मेंटेनन्सला वर्षानुवर्षे माहीत आहे. तरी ते वर्षातून सहा वेळा तातडीने आणले गेले, कारण स्टोअरच्या प्रणालीत त्यांचा किमान साठा शून्य ठेवलेला होता. साठा शून्यावर आला तरी प्रणाली ओरडत नव्हती. दरवेळी चढा दर आणि खास गाडीचे भाडे. इथे कोणी कंपनीला लुबाडत नव्हते. किमान साठ्याचा एक रकाना भरायचा राहिला होता.

असा रकाना का राहतो, अशी चौकशी केली की तपासणी पुन्हा मर्यादेच्या तक्त्याशी येऊन ठेपते. या कंपनीत साधा इंडेंट आल्यापासून पीओ निघेपर्यंत सरासरी १६ दिवस लागत. त्यांतले बरेच दिवस प्लांट हेडच्या मंजुरीच्या रांगेत जात. २०१५ साली २ लाखांत जेवढे येत होते तेवढे आता येत नाही, आणि तक्ता मात्र तसाच. त्यामुळे तेव्हा परचेस मॅनेजर स्वतः मंजूर करत असलेल्या कितीतरी खरेद्या आता प्लांट हेडच्या टेबलावर साचतात. काम अडते म्हणून मेंटेनन्सचा माणूस ‘तातडी’ लिहायला शिकतो आणि परचेसचा माणूस तुकडे करायला. पाच गटांपैकी तीन गटांत असेच निघाले. दर बाजारभावाचा, फर्म जुनी, फायदा कोणाचा नाही. केवळ १६ दिवस वाचवायचे होते. रोलरच्या गटात मात्र दरही चढा होता आणि फर्मची मालकीही दडवली होती. नियम दोन्हीकडे सारखाच मोडला. दोन्हींना अहवालात एकाच ओळीत बसवणे अन्यायाचे, आणि लबाडाला ते सोयीचेही होते, कारण ‘सगळेच करतात’ असे त्याला म्हणता येते.

उपायही म्हणून दोन निघतात. मर्यादा बदलणे हा एक: परचेस मॅनेजरला साडेतीन लाख, आणि नेहमी लागणाऱ्या मालासाठी वर्षभराचा दर ठरवून घेणारा करार, म्हणजे रेट कॉन्ट्रॅक्ट, ज्यावरून स्टोअरला पुन्हा मंजुरी न घेता माल मागवता येतो. मर्यादा मोजण्याची रीत बदलणे हा दुसरा: रक्कम प्रत्येक पीओची न धरता त्याच पुरवठादाराकडून त्याच मालगटात गेल्या १५ दिवसांत झालेली एकूण धरायची. ही बेरीज ईआरपीने आपोआप करून रेषा ओलांडली की पीओ वरच्या सहीकडे पाठवावी. तातडीच्या कलमातही एक बदल लागतो. मागून कागद पूर्ण करताना त्यावर सही करणारा माणूस होकार देणाऱ्याहून वेगळा असला पाहिजे. प्लांट हेडनेच होकार द्यायचा आणि प्लांट हेडनेच तीन दिवसांनी तातडी खरी होती म्हणून लिहायचे, यात दुसरी नजर कुठेच नाही.

अहवाल लिहिताना घाई नको. गिअरबॉक्सच्या तारखा शेजारी शेजारी मांडून त्या परचेस मॅनेजरला आणि प्लांट हेडला आधी दाखवाव्यात आणि त्यांचे म्हणणे लेखी घ्यावे. कधी एखादी तारीख चुकीच्या मशीनच्या रकान्यात गेलेली असते. अहवालात ‘भ्रष्टाचार’ हा शब्द लेखापरीक्षकाने वापरू नये. बिल घटनेच्या तीन दिवस आधीचे आहे, उत्पादन चालू होते, माल २२ दिवस पडून होता, एवढे लिहिले की पुरे. कमिशन रोखीने, कंपनीच्या बाहेर दिले गेले असेल तर ते वह्यांत दिसत नाही आणि अंतर्गत तपासणीला ते सिद्ध करता येत नाही. स्टोअर, गेट आणि परचेस तिघे मिळालेले असतील तर न आलेला मालही आल्यासारखा दाखवता येतो. तेव्हा कागद सोडून रॅकवरचा माल मोजावा लागतो.

मालकाच्या हातातल्या कंपन्यांत आणखी एक अडचण असते आणि ती तक्त्यात मावत नाही. सगळ्या मर्यादांच्या वरचा माणूस, म्हणजे स्वतः व्यवस्थापकीय संचालक, फोन करून ‘अमक्याकडून घ्या’ असे सांगतो तेव्हा खाली कोणीही कोटेशन मागत नाही. फायलीवर ‘एमडी साहेबांच्या सूचनेवरून’ असा शेरा पडतो. लेखापरीक्षकाचा अहवालही त्याच साहेबांकडे जातो, कारण लेखापरीक्षण समिती नेमण्याची सक्ती साधारण खासगी कंपनीवर नाही. अशा वेळी निदान एवढे करता येते: तो शेरा असलेल्या सगळ्या खरेद्यांची, दर आणि पुरवठादारासह, वेगळी यादी संचालक मंडळापुढे ठेवायची, आणि त्यांतला कोणी पुरवठादार संचालकांचा नातेवाईक किंवा त्यांची दुसरी फर्म आहे का, हे कलम १८८ च्या संबंधित व्यक्तींच्या यादीशी ताडायचे. यादी मंडळापुढे जाते हे माहीत झाले की शेरा लिहिताना हात थोडा थांबतो. त्यापलीकडे अंतर्गत लेखापरीक्षकाचा अधिकार पोचत नाही.

अहवाल मंजूर झाला, तक्ता बदलला, तरी काम संपत नाही. नव्या मर्यादेनंतर पहिल्या तिमाहीत पीओ पुन्हा पट्ट्यांत मोजाव्या लागतात. यावेळी पाहायचा पट्टा सव्वातीन ते साडेतीन लाखांचा असतो.